पैसे मी मोजले, लेबल मात्र डिझायनरचं?

घाऊक
आमच्या मालाचं लेबल आणि लोगो काही वर्षांपूर्वी एका फ्रीलान्स डिझायनरकडून करून घेतलं. बिल चुकतं केलं. आता एकाने तेच लेबल जवळपास जसंच्या तसं उचललंय. वकील म्हणतात, कॉपीराइटचा दावा लावायचा तर आधी डिझायनरची सही आणा, हक्क त्याचा आहे. डिझायनर म्हणतो, कायमचे हक्क लिहून हवेत तर वेगळे पैसे द्या, नाहीतर लायसन्स देतो. एकदा पैसे घेऊन वर ही खंडणी? ज्याने पैसे मोजले त्याची वस्तू, एवढं साधं गणित आपल्या कायद्याला का कळत नाही?

रेघोट्या
जाणारच होतो पुढे, पण 'खंडणी' वाचलं आणि थांबलो.

त्या बिलावर काय लिहिलंय ते आधी काढून बघा. 'लोगो व लेबल डिझाइन चार्जेस', एवढंच असणार. ते काम करण्याचे पैसे झाले. हक्क विकल्याचे कुठे लिहिलेत? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सरळ सांगतं की ज्याने काम केलं तो पहिला मालक. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, हा अपवाद आहे. पण तुम्ही त्याला पगार दिला होता का? रजा मंजूर करत होता? नाही ना? नोकराचे खर्च नकोत म्हणूनच बाहेर काम दिलंत, आता मालकीपुरता तो तुमचा नोकर कसा झाला?

आणि तुमचं अडलंय कुठे तेही बघा. लेबल वापरू नका असं तो म्हणालाय का? ज्या कामासाठी करून घेतलं त्यासाठी वापरायची मुभा पैसे देण्यातच गृहीत धरली जाते. तुम्ही उद्याही तेच लेबल छापा, कुणी हरकत घेणार नाही. अडतं ते दुसऱ्याला अडवायला गेल्यावर. तिथे समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, हे चित्र तुमचं कशावरून? तेव्हा बिल पुढे करून भागत नाही.

घाऊक
कल्पना माझी होती. उगवता सूर्य, खाली दोन कणसं, मधे नाव, सगळं मी कागदावर काढून दिलं. त्याने माऊस हलवला फक्त.

रेघोट्या
सूर्य आणि कणसं शेकडो लेबलांवर सापडतील, त्यांच्यावर तुम्ही दावा लावलात का? नाही. कारण कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो, काढलेल्या रेषेवर असतो. या एकाचाच राग आला, कारण त्याने *तुमच्या लेबलवरचा* सूर्य उचललाय. किरणांची जाडी, कणसाचा बाक, अक्षरांचं वळण. ते सगळं माऊस हलवणाऱ्याने केलंय. तुमचा कागद जपून ठेवला असेल आणि त्यातल्याच रेषा लेबलवर आल्या असतील, तर तेवढ्यापुरतं बोला. बहुतेक कागद गेला असेल रद्दीत.

शिक्कामोर्तब
एवढा काथ्याकूट कशाला? ट्रेडमार्क आपल्या नावाने नोंदवायचा, विषय संपला. मी नोंदवलाय. माझा डिझायनर आज कुठे असतो तेही मला माहीत नाही.

काळा कोट
विषय संपत नाही हो, दुसरा सुरू होतो. पण तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

बाजारात ते चिन्ह बघून गिऱ्हाईक ज्याचा माल ओळखतं, त्याचा ट्रेडमार्क. तो घाऊकरावांचाच. नोंदणी नसली तरी आपली ओळख चोरून माल खपवतोय म्हणून दावा लावता येतो आणि त्याला डिझायनरची सही लागत नाही. फक्त गिऱ्हाईक या लेबलने तुम्हाला ओळखतं हे पुराव्याने दाखवावं लागतं. जुनी बिलं, जाहिराती, विक्रीचे आकडे, सगळं. कॉपीराइटच्या दाव्यात एवढं सगळं मांडावं लागत नाही, चित्र शेजारी ठेवलं की नक्कल दिसते. वकिलांना तो हवाय तो त्यासाठी.

लेबलचा कॉपीराइट नोंदवायला गेलात तर तिथेही, करणारा दुसरा असेल तर त्याचं ना-हरकत पत्र मागतात. आणि शिक्कामोर्तब, तुम्ही निर्धास्त आहात म्हणून सांगते. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११ मध्ये असंही आहे की कॉपीराइटमुळे ज्याचा वापर रोखता येईल ते चिन्ह नोंदवू नये. हरवलेला डिझायनर कधीतरी सापडतो.

शटर
तुम्ही डिझायनर लोक नशीबवान. आमच्याकडे बघा जरा. मी कॅटलॉगचे फोटो काढतो. स्टुडिओ माझा, लाइट माझे, वस्तूवरचा चकाकीचा पट्टा जागेवर आणायला अर्धा दिवस माझा. आणि फोटो कुणाचा? ज्याने ऑर्डर दिली त्याचा! एका गिऱ्हाइकाने कॅटलॉगसाठी काढलेला फोटो होर्डिंगवर चढवला. मी वाढीव बिल पाठवलं तर त्याने मलाच कलम १७ चा खंड ब पाठवला. एकाच पत्रकात डिझायनरने काढलेली चौकट त्याची आणि मी काढलेला फोटो माझा नाही. हा कुठला न्याय?

रेघोट्या
मग ऑर्डर घेतानाच लिहून घ्यायचं होतं. उलट करार नसेल तरच फोटो गिऱ्हाइकाचा, तुमच्याच कलमात आहे ते.

शटर
वा! म्हणजे तुमच्या बाबतीत न लिहिणं हा हक्क आणि माझ्या बाबतीत न लिहिणं हा गाढवपणा. फोटो म्हणजे बटण दाबणं, असं वाटतं तुम्हाला. मघाशी 'माऊस हलवला' म्हटल्यावर केवढे उसळलात.

काळा कोट
शटरभाऊंचा राग रास्त आहे, पण रोख चुकीच्या माणसावर आहे. फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग आणि चित्रपट, मोबदला देऊन सांगून करून घेतले तर उलट करार नसताना सांगणारा पहिला मालक, असं तो खंड म्हणतो. रेखाचित्र त्या यादीत नाही, आणि लोगो-लेबल रेखाचित्रातच मोडतं. जाहिरातीची फिल्म मात्र यादीत येते. म्हणून एकाच मोहिमेत फिल्म कंपनीची आणि पोस्टर डिझायनरचं असं त्रांगडं होतं.

हे आलं ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यातून. तेव्हा स्टुडिओत जाऊन आपली छबी काढून घेणाऱ्याचा विचार होता, तुमच्या कॅटलॉगचा नव्हे. त्यांनी १९८८ च्या कायद्यात ते काढून टाकलं, आपण ठेवलं. पण त्यात 'सांगून' हा शब्द महत्त्वाचा आहे. तुम्ही आपणहून काढून ठेवलेला फोटो नंतर कुणी विकत घेतला, तर तो हक्क असा आपोआप जात नाही.

शटर
आणि रॉ फाइल्स? त्याही मागतात हक्काने.

रेघोट्या
तशाच ओपन फाइल्स. 'कोरलची फाइल मेल करा ना, छोटा बदल करायचाय.' मग तो छोटा बदल शेजारचा पोऱ्या करतो, अक्षरं ओढून चपटी करतो आणि खाली माझं नाव तसंच. फाइल हातात आली म्हणून हक्क आला असं नाही आणि हक्क लिहून दिला म्हणून फाइल द्यावीच लागते असंही नाही. दोन्ही वेगळं ठरवावं लागतं, पण मेलमध्ये 'द्या ना' एवढंच असतं.

घाऊक
माझ्या धाग्यावर फोटोग्राफर संघटनेची सभा भरलीय. माझ्या लेबलवरही मालाचा फोटो आहे. म्हणजे निदान तेवढा तरी माझा की तोही कुणाच्या पायाशी?

काळा कोट
तो फोटो काढायला सांगितलं कुणी आणि पैसे कुणी दिले ते बघा. तुम्ही थेट फोटोग्राफरला सांगून पैसे दिले असतील तर तुमचा. डिझायनरने आपल्या ओळखीच्या माणसाकडून करून घेऊन तुम्हाला एकच बिल लावलं असेल तर त्यावर भांडता येईल, दोन्ही बाजूंनी. स्टॉक साइटवरून उचलला असेल तर तुम्हा दोघांचाही नाही. तिथे फक्त परवाना असतो आणि तो मालाच्या वेष्टनाला चालतो की नाही हे त्याच्या अटींत बघावं लागतं.

उंटावरून
सही घेऊनही काही उपयोग नाही. पाच वर्षांनी हक्क परत डिझायनरकडे जातो, कायदाच आहे तसा. मी स्वतः वाचलंय.

काळा कोट
वाचलंय खरं, पण निम्मं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर तोही सुटतो, वेगळं लिहिलं नसेल तर. 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, न वापरल्यानेही रद्द होणार नाही' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. कलम १९ च आहे ते. नेटवरून उतरवलेल्या एका ओळीच्या पत्रात यातलं काहीच नसतं, म्हणून लोक पाच वर्षांनी कपाळाला हात लावतात.

सातासमुद्र
घाऊकरावांच्या बाजूने कुणीच नाही म्हणून एक खटला सांगतो. डॉक्टर मार्टेन्स बूट. कंपनीने एजन्सीला सांगितलं, एजन्सीने १९८८ मध्ये इव्हान्स नावाच्या फ्रीलान्सरकडून दोन जुनी चिन्हं जोडून एक लोगो करून घेतला. तासाला १५ पौंड दराने. हक्काबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. २००२ मध्ये या पठ्ठ्याने तो कॉपीराइट ऑस्ट्रेलियातल्या प्रतिस्पर्धी कंपनीलाच लिहून दिला! त्याचं म्हणणं, मी इंग्लंडमधल्या दुकानांतल्या जाहिरातीपुरतं दिलं होतं. कोर्ट म्हणालं, कंपनीचा लोगो आहे हे माहीत असताना कुणी असं समजूच शकत नाही. न्यायाच्या दृष्टीने खरा मालक कंपनी. अपिलातही २००५ मध्ये तेच ठरलं.

घाऊक
हेच! हेच म्हणतोय मी पहिल्यापासून.

रेघोट्या
इव्हान्सने केलं ते हलकटपणाचं होतं, मान्य. पण तुमच्या माणसाने हक्क प्रतिस्पर्ध्याला विकलेला नाही. तो तुम्हालाच देतोय, फक्त किंमत सांगून. आणि एका लोगोसाठी अपिलापर्यंत जायला बूट कंपनीएवढं पाठबळ लागतं.

काळा कोट
शिवाय तो इंग्लंडचा निकाल. आपल्याकडे तसा युक्तिवाद करता येईल, पण कलम १९ सहीचा कागद मागतं आणि कोर्ट गृहीत धरून कुठवर जाईल याच्या भरवशावर मी अशिलाला दावा लावायला सांगणार नाही.

पण घाऊकराव, तुमच्या पोस्टमधलीच एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटलीय. तो लायसन्स देतोय म्हणालात. कसलं? एक्सक्लुझिव्ह असेल, म्हणजे तुमच्याशिवाय कुणालाच, अगदी त्यालाही वापरता येणार नाही असं, तर दिवाणी दाव्यापुरता कायदा तुम्हाला मालकासारखाच धरतो. तुम्ही स्वतःच्या नावाने नकलखोरावर जाऊ शकता. डिझायनरला बहुधा दाव्यात सामील करावं लागेल, पण त्याच्याशी भांडण म्हणून नव्हे, मालक समोर असावा म्हणून. हेही लेखी हवं आणि मुदत-प्रदेशाची तीच काळजी इथेही घ्यावी लागते. कायमच्या हक्कापेक्षा हे स्वस्तात मिळेल. नक्कल कागदाच्या आधी झाली त्या काळाची भरपाई मागायची असेल तर त्यालाही वादी करून घ्या, नाहीतर त्या मुद्द्यावर समोरचा तुम्हाला अडकवेल.

घाऊक
म्हणजे ज्याच्यावर चिडलो त्यालाच मिनतवारी करून कोर्टात शेजारी उभा करायचा. धन्य आहे. विचारतो त्याला आज, एक्सक्लुझिव्ह देतोस का म्हणून. पण हे लेबल तो स्वतःच्या पोर्टफोलिओत मिरवतोय, ते तरी बंद होईल ना?

रेघोट्या
एक्सक्लुझिव्हमध्ये तेवढी सवलत तो राखून ठेवायला मागेल, मीही मागितली असती. नकार दिलात तर दर वाढेल.

शटर
आणि माझ्या होर्डिंगचं?