मदत हवी आहे: सेल्सच्या अर्जाच्या मेलमध्ये टार्गेटचे आकडे कसे मांडू?

कळवा_नाका
नमस्कार मंडळी. मी वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंग मटेरियलच्या ट्रेडरकडे सेल्समध्ये आहे. बॉक्सला लावायचा टेप, स्ट्रेच फिल्म आणि स्ट्रॅपिंग रोल विकतो. महाप्याच्या एका फिल्म बनवणाऱ्या कंपनीत जागा निघाली आहे. बायोडेटासोबत छोटा मेल हवा आहे, त्यात 'केलेलं काम आकड्यांत लिहा' असं स्पष्ट म्हटलंय. मेल इंग्रजीतच जाईल, पण मजकूर आधी मराठीत पक्का करतोय. आत्ताचा मसुदा असा:

"गेल्या आर्थिक वर्षात १ कोटी २० लाखांच्या टार्गेटवर १ कोटी ३१ लाखांची विक्री केली, म्हणजे १०९ टक्के. रोज १२ भेटी. कोटेशनचं ऑर्डरमध्ये रूपांतर ४० टक्के. सर्व प्रकारचे ग्राहक हाताळले आहेत. फॉलोअप नियमित आणि चिकाटीने करतो."

काय बदलू?

घणसोली_सेक्टर९
मस्त आहे की. १०९ टक्के थेट मेलच्या विषयातच टाक, उघडायच्या आधी दिसायला हवं. दीडशे शब्दांच्या वर जाऊ नकोस. एक लक्षात ठेव, १०० च्या खालचा आकडा मेलमध्ये कधीच लिहायचा नाही.

तराजू
विषयात आकडा टाकणं आणि मेल आटोपशीर ठेवणं, दोन्ही बरोबर. पण हा १०९ कुठून आला ते आधी बघू. १ कोटी ३१ लाख हा आकडा कुठून काढलात? टॅलीत पार्टीच्या लेजरची बेरीज केली असेल तर त्यात जीएसटी धरलेला असतो. टार्गेट मात्र बहुतेक ठिकाणी जीएसटी वगळून देतात. टेप, फिल्म आणि स्ट्रॅपिंगवर १८ टक्के आहे, म्हणजे १३१ ला १.१८ ने भागा.

कळवा_नाका
अरे देवा. पार्टी लेजरचीच बेरीज आहे. भागल्यावर १ कोटी ११ लाख येतात. म्हणजे ९२.५ टक्के! टार्गेट जीएसटीशिवायच होतं. आता तर लिहायलाच नको वाटतंय.

घणसोली_सेक्टर९
मग १३१ च ठेव ना. कोण तपासणार आहे?

तराजू
समोर बसलेला माणूस तपासणार, तेही कागदपत्र न मागता, नुसत्या गुणाकाराने. मसुद्यातलेच आकडे घेऊ. रोज १२ भेटी, महिन्याला २२ दिवस, म्हणजे २६४ भेटी. वागळेहून ऐरोली पुलावरून रबाळ्याला जायचं, मधेच भिवंडीच्या गोदामांचं बोलावणं, गेटवर नोंद करून आत जायला वीस मिनिटं. महाप्यात बसलेल्या माणसाला हा रस्ता पाठ आहे. १२ वाचलं की त्याचा बाकीच्या ओळींवरचा विश्वासही जातो. खऱ्या भेटी किती?

दुसरं, ४० टक्के कशाचे? जुन्या ग्राहकाने फोनवर 'आजचा भाव पाठव' म्हटल्यावर गेलेलं कोटेशनही त्यात मोजलंय का? ती ऑर्डर येणारच असते. नवीन ग्राहकांना गेलेली कोटेशनं आणि त्यातून सुरू झालेली खाती एवढंच वेगळं काढा. विक्रीचेही जुने आणि नवे असे दोन भाग करा.

औषधांची_बॅग
आमच्याकडे एमआरला रोज किती डॉक्टर आणि किती केमिस्ट, तो कॉल अॅव्हरेज लिहावाच लागतो. आमचे दहाच्या पुढेच जातात. मग १२ ला एवढं काय?

तराजू
तुमच्या कामात एकाच परिसरात दवाखाने लागून असतात आणि भेट काही मिनिटांत आटपते. इथे एका भेटीत गोदामात उतरून पॅलेटवर फिल्म गुंडाळून दाखवावी लागते. धंदा वेगळा तसा आकडाही वेगळा.

कळवा_नाका
दोन तास डायरी घेऊन बसलो. खरं चित्र असं आहे:

भेटी दिवसाला ५, काही दिवशी ६. महिन्याला साधारण ११०, त्यातल्या ३० नव्या ठिकाणी.
नवीन लोकांना कोटेशनं महिन्याला १२, वर्षात १४४. त्यातून १७ ग्राहक सुरू झाले.
वर्षाच्या सुरुवातीला ३८ ग्राहक होते. त्यांच्याकडून ९० लाख, नव्या १७ कडून २१ लाख.
महिन्याचं टार्गेट १० लाख, ते १२ पैकी ५ महिने पूर्ण झालं.

ऑक्टोबरपासून एका मोठ्या ग्राहकाने गोदाम दुसरीकडे हलवलं. त्याचा महिन्याला सव्वा लाखाचा माल होता.

तराजू
आता हे आकडे एकमेकांना धरून आहेत. ९० लाख भागिले ३८ भागिले १२ केलं तर जुना ग्राहक महिन्याला सरासरी २० हजारांच्या जवळ येतो. नवे ग्राहक वर्षभर थोडे थोडे आले असतील, म्हणजे प्रत्येकाचे सरासरी सहा महिने धरू. २१ लाख भागिले १७ भागिले ६, तेही २० हजारांच्या आसपास. ज्याला हा धंदा कळतो तो मनातल्या मनात हेच करून बघतो आणि जुळलं की पुढे वाचतो. तुमचा ४० टक्क्यांचा आकडा आता 'दर आठ-नऊ कोटेशनांमागे एक नवा ग्राहक' एवढा झाला. दिसायला लहान आहे, पण खरा वाटतो.

गेलेल्या ग्राहकाचं गणितही करून ठेवा. सव्वा लाख गुणिले ६ महिने, साडेसात लाख. टार्गेटला कमी पडले ९ लाख. उरलेल्या दीड लाखाला सबब शोधू नका.

वसुली_भाऊ
इन्सेन्टिव्ह थकवलं असेल तर आधी लेखी मागा, मग राजीनामा द्या. तोंडी काही कबूल करू नका.

कळवा_नाका
भाऊ, इन्सेन्टिव्ह वेळेवर मिळतं. प्रश्न मेलचा आहे.

मीनल_परचेस
मी समोरच्या बाजूला, खरेदीत बसते, म्हणून दोनच गोष्टींवर लिहिते.

'सर्व प्रकारचे ग्राहक' यातून काहीच कळत नाही. प्रकार ठरवताना ऑर्डर कोण पक्की करतो ते बघा. छोट्या कारखान्यात मालक स्वतः ठरवतो, भाव फोनवर होतो, उधारी थोडे दिवस. परचेस खातं असलेल्या कंपनीत आधी व्हेंडर म्हणून नोंदणी, मग सॅम्पल, मग पीओ, आणि पैसे ४५ दिवसांनी. गोदामात वापरणारा सुपरवायझर वेगळा असतो आणि वर्षाचा भाव ठरवणारं ऑफिस वेगळं. तिन्हींकडे बोलायची पद्धत निराळी असते. म्हणून संख्या तशीच फोडा.

फॉलोअपचं म्हणाल तर 'चिकाटीने' हा शब्द वाचला की मला दिवसातून तीनदा 'मॅडम काही झालं का' विचारणारे आठवतात. कुठल्या दिवशी काय करता ते लिहा. जुन्या ग्राहकाकडे माल कधी संपणार हे तुम्हाला माहीत असतं का?

कळवा_नाका
ते तर डायरीतच असतं ताई. ७२ रोलचा टेपचा बॉक्स, कारखान्यात रोज ४ रोल लागतात, म्हणजे १८ दिवस. मी चौदाव्या दिवशी फोन करतो. माल पोचायला दोन दिवस लागतात, त्याच्याही आधी ऑर्डर हातात असते. सगळ्यांचा वापर असाच लिहून ठेवलाय.

मीनल_परचेस
मग हे मेलमध्ये का नाही? माझ्यासाठी सगळ्यात कामाची ओळ हीच आहे. टेप संपला की डिस्पॅच थांबतं आणि शिव्या परचेसला बसतात. चौदाव्या दिवशी फोन करणारा सेल्समन बदलायला मी सहसा तयार होत नाही.

कळवा_नाका
नवीन मसुदा. सगळ्यांनी बघा.

विषय: सेल्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी अर्ज – पॅकेजिंग, ठाणे ते महापे, १७ नवीन ग्राहक

"महोदय,
गेल्या आर्थिक वर्षात मी जीएसटी वगळून १ कोटी ११ लाखांची विक्री केली. टार्गेट १ कोटी २० लाखांचं होतं, म्हणजे ९२.५ टक्के. महिन्याचं टार्गेट १२ पैकी ५ महिने पूर्ण झालं. ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या ग्राहकाचं गोदाम हलल्याने महिन्याला सव्वा लाखाची विक्री कमी झाली. विक्रीपैकी ९० लाख जुन्या ग्राहकांकडून आणि २१ लाख वर्षभरात जोडलेल्या १७ नव्या ग्राहकांकडून आले.

सध्या ५४ ग्राहक चालू आहेत. त्यातले ३१ छोटे कारखाने असून तिथे मालकाशी थेट व्यवहार असतो. १५ कंपन्यांत परचेस खात्यामार्फत आणि ८ गोदामांना वार्षिक भावाने माल जातो.

रोज ५ भेटी देतो. कोटेशन त्याच दिवशी पाठवतो, दुसऱ्या दिवशी फोन करतो, पाचव्या दिवशी सॅम्पल घेऊन जातो आणि पंधराव्या दिवशी शेवटचं विचारतो. साधारण आठ-नऊ कोटेशनांमागे एक नवा ग्राहक मिळतो. जुन्या ग्राहकांच्या वापराचा हिशोब ठेवून माल संपण्याच्या चार दिवस आधी फोन करतो.

नोटीस एक महिन्याची आहे."

तराजू
५५ ऐवजी ५४ लिहिलंत, गेलेला ग्राहक वजा केलात, हे छान झालं. एक भर घाला: वसुली. विक्री करून पैसे अडकवणारे पुष्कळ असतात. ६० दिवसांपुढची थकबाकी वर्षअखेर किती होती ते एका वाक्यात सांगा. ग्राहकांची नावं मात्र मेलमध्ये कुठेही नकोत. जी यादी तुम्ही इथून बाहेर काढाल तीच उद्या त्यांच्याकडूनही काढाल, असं वाचणाऱ्याला वाटतं.

कळवा_नाका
थकबाकी २ लाखांच्या आत होती. घालतो.

घणसोली_सेक्टर९
मला अजूनही ९२.५ पटत नाही. विक्रीचा आकडा दे, टार्गेटचा देऊच नकोस. विचारलं तर सांग.

मीनल_परचेस
जाहिरातीतच आकड्यांत लिहा म्हटलंय. टार्गेट गाळलं तर पहिला प्रश्न त्यावरच येणार. मला गोदामाची ओळ खटकतेय, ती सबबीसारखी वाचली जाते. ती मुलाखतीला ठेवा.

तराजू
मी ती ओळ ठेवली असती. मेल वाचणारा आणि मुलाखत घेणारा एकच असेल असं नाही, आणि पहिल्याला ५ महिने एवढंच दिसेल. पण मीनलताईंचंही चुकीचं नाही. तुम्हीच ठरवा.

आणखी एक विचारायचं राहिलं. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा १११ मधून वजा केल्यात का?

कळवा_नाका
नाही बघितल्या. अकाउंट्सला विचारलं तर कशाला हवंय म्हणून विचारतील.

तराजू
विचारू नका. इन्सेन्टिव्ह ज्या तक्त्यावर काढून देतात तो तुमच्याकडे असेलच. त्यात शक्यतो परतावा वजा करूनच विक्री धरलेली असते. बारा महिन्यांचे बारा तक्ते जोडा. बेरीज १११ च्या खाली आली तर टक्के त्यावरूनच काढा आणि ९० व २१ पैकी कुठला कमी होतो तेही बघा.

कळवा_नाका
अकरा सापडले. जूनचा नाहीये. घरी कपाटात असेल, रात्री बघून टाकतो.