पासवर्डचा मेल येतच नाही: तुमचे अनुभव सांगा

रामबागची मावशी (इंदूर): भाच्याचं गेमचं अकाउंट अडकलंय. पासवर्ड विसरला. ‘विसरलात?’ वर टिचकी मारली की स्क्रीन म्हणते, मेल पाठवला आहे. जीमेलमध्ये मात्र काहीच नाही. स्पॅम बघितलं, प्रमोशन्सही बघितलं. पोरगं सुट्टीत आलंय आणि घर डोक्यावर घेतलंय. असं कुणाचं झालंय का? कसं सुटलं ते सविस्तर लिहा.

पोहे-जिलेबी: माझं झालं होतं. मेल हळूहळू येतो, धीर धरायचा. नाही आला तर बटण दाबत राहायचं, एक ना एक येतोच.

बडोद्याचा मेलवाला: दादा, धीराचं बरोबर, बटणाचं नाही. काही मेल सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा ‘नंतर या’ म्हणून परत पाठवतात, त्यामुळे मेल उशिरा पोचू शकतो. पण तुम्ही दर वेळी नवी लिंक मागवलीत, की बहुतेक ठिकाणी आधीची रद्द होते. मग उशिरा आलेला पहिला मेल उघडता आणि लिंक चालत नाही. वर काही साइट फार वेळा मागितलं की काही काळ पाठवणंच थांबवतात.

मावशी, मी एका कंपनीचे मेल सर्व्हर सांभाळतो, म्हणून एक सांगतो. ‘मेल पाठवला आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. त्या पत्त्याचं अकाउंट नसलं तरी बऱ्याच साइट हेच वाक्य दाखवतात. नाहीतर कुणीही पत्ते टाकून कोणाचं अकाउंट आहे ते हुडकेल. म्हणून आधी शोधायचं ते हे, की अकाउंट नक्की कोणत्या पत्त्यावर आहे. जीमेलच्या शोधपट्टीत असं टाका आणि पुढे गेमचं नाव लिहा:

```
in:anywhere
```

यात स्पॅम आणि कचरापेटीही धरली जाते. स्पॅममधले मेल तीस दिवसांनी पुसले जातात, तेव्हा जुना मेल तिथे सापडायचा नाही. अकाउंट उघडलं तेव्हाचा स्वागताचा मेल किंवा खरेदीची पावती मिळाली, तर ती उघडून ‘प्रति’ समोरचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा.

ग्वाल्हेरची वहिनी: आमच्याकडे ओटीपीच येत नाही, बँकेचा. त्याचं पण सांगा ना कुणीतरी!

पोहे-जिलेबी: वहिनी, तो मोबाइलवरचा मेसेज. त्याचं दुकान वेगळं.

छत्रीबागचा अण्णा: माझ्या मुलाचं कारण निराळंच निघालं. त्याने गेमला कधी पासवर्डच ठेवला नव्हता, ‘गूगलने लॉगिन करा’ वरून आत जायचा. बदलायला पासवर्डच नाही तर मेल कसला येणार! तेच बटण दाबलं आणि आत. आधी ते तपासा.

रामबागची मावशी: मेलवाले दादा, पावती मिळाली! ‘प्रति’मध्ये नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टिंब आहे. आम्ही तर टिंब न देता टाकत होतो. पण जीमेलला टिंबाचा फरक पडत नाही ना?

बडोद्याचा मेलवाला: जीमेलला पडत नाही, दोन्ही तुमच्याच पेटीत येतात. पण गेमवाल्यांच्या यादीत ते दोन वेगळे पत्ते असू शकतात. बिनटिंबाचा पत्ता त्यांच्याकडे नाही, म्हणून त्यांनी काही पाठवलंच नाही. टिंब देऊन एकदाच मागा आणि थांबा.

रामबागची मावशी: आला! लगेच आला. पोरगं नाचतंय.

सराफ्यात रात्री: मी ऑफिसचा पत्ता दिला होता. तिथे फिल्टर मेल आमच्यापर्यंत येऊच देत नाही, मधेच अडवून ठेवतो. माझ्या स्पॅममध्येही तो दिसत नाही. आयटीवाल्याने त्याच्या बाजूने सोडला तेव्हा मिळाला, पण तोवर लिंक संपली होती. त्याला आधी सांगून ठेवलं, मगच पुन्हा मागवला. गेमला ऑफिसचा पत्ता देऊच नये, नोकरी सुटली की अकाउंटही गेलं.

छत्रीबागचा अण्णा: आणि पत्ता टाइप करतानाच चुकला असेल तर? धाकट्याने gmail ऐवजी gmial लिहिलं होतं बहुधा.

बडोद्याचा मेलवाला: मग मेल तुमच्याकडे यायचाच नाही, कितीही पेट्या शोधा. शिवाय एखाद्या पत्त्यावरून मेल परत आला, की पाठवणारी यंत्रणा तो पत्ता बंद यादीत टाकते आणि पुढे पाठवतच नाही. मेलपेटी भरलेली असतानाही असं होऊ शकतं. गूगलची मोफत जागा पंधरा जीबी, त्यात फोटोही मोजले जातात. त्या यादीतून काढणं तुमच्या हातात नाही, गेमच्या मदत विभागालाच लिहावं लागतं. खेळाडूचं नाव आणि खरेदीच्या पावतीचा क्रमांक जोडा.

छत्रीबागचा अण्णा: धाकट्याने खरेदी कधी केलीच नाही. पावतीच नाही.

बडोद्याचा मेलवाला: मग अवघड आहे. तरी लिहून बघा. अकाउंट साधारण कधी उघडलं, कोणत्या फोनवर खेळायचा, ते सांगा. काही मदत विभाग तेवढ्यावर मानतात, काही नाही.

छत्रीबागचा अण्णा: लिहिलंय. अजून उत्तर नाही.