द्राक्षवेलीच्या आधीची मदिरा

"सूफी कवितेतली मदिरा खरी की रूपक? आणि तिचा 'फना'शी नेमका संबंध काय?"

कैरोचे कवी इब्न अल्-फारिद (मृत्यू १२३५) यांच्या मदिरा-काव्याचा आरंभ पाहावा: प्रियाच्या स्मरणात आम्ही अशी मदिरा प्यालो, की द्राक्षवेल निर्माण होण्याआधीच आम्ही तिने धुंद झालो होतो. वेलच नसेल तर ही द्राक्षांची दारू नव्हे, हे कवी तिथेच सांगून टाकतो. सूफी परंपरेत ही धुंदी कुराणात ईश्वराने विचारलेल्या 'मी तुमचा प्रभू नाही काय?' या आदिप्रश्नाशी जोडली जाते. त्याला मानवजातीने 'होय' म्हटले, आणि विरहाची तळमळ ही त्या होकाराची आठवण ठरली. या आठवणीत 'मी' विरून जाणे म्हणजे फना. नशेत माणूस आधी स्वतःलाच विसरतो, म्हणून हे रूपक चपखल बसते. मात्र बगदादचे सूफी गुरू जुनैद (मृत्यू ९१०) धुंदीपाशी थांबत नाहीत. त्यांच्या मते धुंदीनंतरची शुद्ध अधिक श्रेष्ठ, कारण विरून गेलेला साधक 'बका' या अवस्थेत ईश्वराच्या ठायी टिकून पुन्हा लोकांत वावरू लागतो. तरीही प्रत्येक प्याल्यात फना शोधू नये. फारसी कवी हाफिजचा प्याला कधी कधी शिराजच्या मद्यशाळेतलाच असावा, असे मला वाटते.