मदत हवी आहे: काकूंच्या फोटोत एक भुवई विरळ आहे, दुसरीसारखी कशी भरू?

रामबाग_इंदूर: नमस्कार मंडळी. काकूंच्या पंच्याहत्तरीला मोठी फ्रेम करायची आहे, फोटो घरीच काढलाय, खिडकी त्यांच्या उजव्या हाताला. त्यांची उजवी भुवई छान भरलेली आहे पण डावीचा कानाकडचा शेवट जवळपास नाहीच. फोटोशॉपमध्ये उजवी कॉपी करून उलटी लावली तर स्टिकर चिकटवल्यासारखी दिसते, आणि ब्रशने भरली तर काजळाची रेघ. चेहरा थोडासा वळलेलाही आहे. टॅबलेट नाही, माउसच आहे. काय करू?

पलासियावाली: एरंडेल तेल लावायला सांगा ना रोज रात्री, माझ्या सासूबाईंना फरक पडला. नाहीतर पार्लरमध्ये पेन्सिलने भरून परत फोटो काढा.

रामबाग_इंदूर: ताई, काकू आता पुण्याला गेल्या, परत फोटो काढणं शक्य नाही. आहे त्याच फोटोवर काम करायचंय.

क्लिकक्लिक: कॉपीच बरोबर आहे. लॅसोने सिलेक्ट करा, फेदर द्या, Ctrl+J, मग Flip Horizontal, जागेवर ठेवा, झालं काम. ब्रशच्या भानगडीत पडूच नका.

जुना_रिटचर: कॉपीपासून सुरुवात बरोबर, पण "झालं काम" नाही. चेहरा वळलाय म्हणजे लांबची भुवई रुंदीला कमी दिसणार, तेव्हा आधी Free Transform मध्ये ती आडवी थोडी दाबा. किती दाबायची ते डोळ्यांवरून कळतं, दोन्ही डोळ्यांच्या रुंदीत जेवढा फरक तेवढाच भुवईत. शेवट कुठे संपायला हवा त्यासाठी नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून एक तिरकी रेघ वेगळ्या लेयरवर ओढा, भुवई साधारण त्या रेघेपाशी थांबते. मग Warp ने कमान जुळवा.

आता स्टिकरचा प्रश्न. कॉपीबरोबर उजव्या बाजूची उजळ कातडी पण आली, म्हणून ती चिकटवलेली दिसते. लेयरचा मोड Darken करा. तुमच्या फोटोत डावी बाजू सावलीत आहे, म्हणजे कॉपीतली कातडी खालच्या कातडीपेक्षा उजळ, ती आपोआप गायब होईल आणि फक्त केस उरतील. केस फिके वाटले तर त्याच लेयरपुरते Levels लावून काळा स्लायडर थोडा आत घ्या.

अजून एक, उजेड खिडकीकडून येतो. उजव्या भुवईच्या कानाकडच्या शेवटावर चमक असणार, उलटी केल्यावर ती चमक डावीच्या शेवटावर येते, जिथे खरं तर सावली हवी. तेवढा शेवट Burn टूलने हलक्या हाताने गडद करा, नाहीतर काय खटकतंय ते कळत नाही पण खटकत राहतं.

रामबाग_इंदूर: दादा, Darken ने खरंच जादू झाली! कातडीचा ठिपका गेला. पण मधे एक फट राहिली, तिथे दोन-चार केस हातानेच काढावे लागतील.

जुना_रिटचर: काढा की. नवा लेयर, कडक गोल ब्रश, जाडी शेजारच्या खऱ्या केसाएवढी. रंग आयड्रॉपरने त्याच भुवईतून उचला, तो काळा नसतो, तपकिरी-करडा असतो. माउसवर केसाचं टोक बारीक व्हायला Shape Dynamics मध्ये Control ला Fade द्या, आकडा केसाच्या लांबीप्रमाणे कमीजास्त करा. मुळापासून टोकाकडे ओढा. नाकाजवळचे केस वर जातात, पुढे ते कानाकडे झुकतात, आणि कमानीनंतर वरचे केस खाली उतरतात नि खालचे वर येऊन त्यांना भेटतात. सगळे एका दिशेने काढले की कंगवा दिसतो. आणि सगळी फट भरू नका, थोडी कातडी दिसू द्या. शेवटी लेयरला अगदी किंचित Gaussian Blur, कारण फोटोतले केस तुमच्या ब्रशएवढे टोकदार नसतात.

क्लिकक्लिक: Darken चं मला माहीत नव्हतं, मी कडा मास्कने पुसत बसायचो. पण पांढरे केस असतील तर? Darken मध्ये तेही जातील ना?

जुना_रिटचर: हो, जातील. ते वेगळ्या लेयरवर Normal मोडमध्ये काढावे लागतात, थोडेच.

रामबाग_इंदूर: काकूंचे आहेत पांढरे, काढतो. आता शेवटची अडचण, त्यांची उजवी भुवई मुळातच जरा वर आहे. डावी त्याच उंचीला आणू का?

जुना_रिटचर: नको. भुवईच्या हाडावर ठेवा, ते जिथे आहे तिथेच. कॅनव्हास Flip करून पूर्ण चेहरा बघा, काकूच वाटायला हव्यात.

पलासियावाली: मी तर म्हणते समान करा, फ्रेममध्ये बाईमाणसाला नीटनेटकंच आवडतं.

रामबाग_इंदूर: दोन्ही सेव्ह करून काकूंच्या लेकीला पाठवतो, ती म्हणेल तसं.