सीलिंग म्हणजे ‘कमाल मर्यादा’ का?

शेवपापडी: इंदूरला राजवाड्याजवळ माझ्या मामेसासऱ्यांचं फराळाचं दुकान आहे. त्यांना एक्सेलमध्ये भावपत्रक करून दिलं. पडत्या किमतीवर १८ टक्के चढवायचे आणि भाव पाचाच्या पटीत बसवायचा, म्हणजे सुट्ट्यांची कटकट नको. प्रत्येक सूत्राशेजारी मराठीत एक ओळ लिहिली. `CEILING` पुढे लिहिलं ‘कमाल मर्यादा’. मामांनी ते वाचून घातलं `=CEILING(C7,50)` आणि मला फोन. “सूनबाई, मर्यादा पन्नासची दिली, तरी बासष्टचा भाव शंभर कसा दाखवतंय?” मशीन बरोबर होतं, माझा शब्द चुकला. मग शब्द कोणता?

पाटीपेन्सिल: ऊर्ध्व पूर्णांकन आणि अधः पूर्णांकन. शब्द असताना नवे कशाला?

चकलीचा_सोऱ्या: मामा हे वाचून दुकान बंद करतील. शिवाय पूर्णांक तर ४७ सुद्धा आहे. त्याचे ४५ का करायचे, हे ‘पूर्णांकन’ सांगतच नाही.

माळवी_मावशी: आमच्या घरी याला ‘गोळाबेरीज’ म्हणत. वडील वाण्याची यादी बघून म्हणायचे, “गोळाबेरीज दोनशे धर.”

पाटीपेन्सिल: ती एकूण रकमेची, मावशी. एका चकलीच्या पाकिटाची गोळाबेरीज कशी होईल?

माळवी_मावशी: आमच्याकडे होत होती.

खतावणी: मामांचा गोंधळ अगदी रास्त आहे. आपल्याकडे सीलिंग म्हटलं की जमिनीचा सीलिंग कायदा आठवतो, म्हणजे त्याच्यावर जायचं नाही. गणितात केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ मध्ये फ्लोअर आणि सीलिंग ही नावं दिली, ती वेगळ्या अर्थाने. आकडा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलाय, त्याला वर न्यायचा की खाली. सूत्रातला दुसरा आकडा ही मर्यादा नाही, पट आहे. म्हणून मी ‘वरची पट’, ‘खालची पट’ आणि `MROUND` ला ‘जवळची पट’ म्हणतो.

चकलीचा_सोऱ्या: `MROUND` मधला एम म्हणजे मिडल ना? वरच्या-खालच्याच्या मधला भाव?

खतावणी: नाही, मल्टिपल, म्हणजे पटच. ४२ चे ४०, ४३ चे ४५. बरोबर मधोमध ४२.५० आला तर वर, ४५.

नर्मदाकाठ: आमच्या औषधवाल्याच्या बिलाखाली राउंड ऑफ म्हणून चाळीस पैसे जास्त लागतात. ते कुठल्या सूत्राने?

खतावणी: ते एकूण बिल रुपयात आणणं झालं. इथे एकेका वस्तूचा भाव ठरवतोय.

शेवपापडी: ‘वरची पट’ मामांना पटेल, पण आता दुसरंच निघालं. बाकरवडीच्या पाकिटाचा भाव पडद्यावर ४५ दिसतो, शेजारी `CEILING` मात्र ५० देतं. मामा म्हणतात, ४५ तर पाचाच्या पटीत आहेच, मग चढवलं का?

खतावणी: पडती किंमत किती?

शेवपापडी: ३८.३५.

खतावणी: मग १८ टक्क्यांनी ४५.२५३ झाले. खाना दशांश लपवतोय, सूत्र लपलेले पैसे बघतं आणि पुढच्या पाचावर जातं. दशांश दाखवून बघा, लगेच दिसेल. आधी रुपयात आणा, मग पट लावा:

```
=CEILING(ROUND(B7*1.18,0),5)
```

आता ४५ येतील. पण २५ पैसे सोडायचे की पाच रुपये चढवायचे, ते मामांनी ठरवायचं. गिऱ्हाईक तुमचं.

माळवी_मावशी: पाच रुपये चढवले तर मी बाजूच्या दुकानात जाईन.

खतावणी: आणि मामांना हवी ती खरी मर्यादा `MIN` ने येते. बाहेरून आलेल्या पाकिटावर एमआरपी ९८ छापलेली असेल आणि हिशेबाने ९६ आले, तर `CEILING` १०० करेल, आणि छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. D खान्यात एमआरपी लिहा:

```
=MIN(CEILING(C7,5),D7)
```

चकलीचा_सोऱ्या: मग ९८ येतील, पाचाची पट कुठे राहिली? सुट्टे पुन्हा आलेच.

खतावणी: खरंय. पट हवीच असेल तर D7 च्या जागी `FLOOR(D7,5)`, म्हणजे ९५. नफ्यात एक रुपया कमी.

पाटीपेन्सिल: शब्दचर्चेत आता नुसती सूत्रं आहेत. ‘ऊर्ध्व’वर कोणी बोलणार आहे का?

शेवपापडी: मामांनी स्वतःच पेनाने लिहून प्रिंटआउट भिंतीला चिकटवलं. `CEILING` म्हणजे ‘वर ढकल’, `FLOOR` म्हणजे ‘खाली ढकल’. `MROUND` पुढे अजून रिकामं आहे. ‘जवळची पट’ वाचून म्हणाले, “जवळची कुणाच्या, आपल्या की गिऱ्हाइकाच्या?”