शब्दचर्चा : ‘तारखेपासून एक वर्ष’मधलं ‘पासून’

धरमपेठची गृहिणी : २९ फेब्रुवारी २०२४ ला बर्डीवरून कूलर घेतला. कार्डावर लिहिलंय, ‘खरेदीच्या तारखेपासून एक वर्ष’. २८ फेब्रुवारी २०२५ ला धुऊन पाणी भरलं, तर पंप पाणीच उचलेना. दुकानदार म्हणतो, वॉरंटी काल संपली. ‘पासून’मध्ये पहिला दिवस धरतात का?

दुकानाचे हिशेब पाहणारा : त्यानं २९ तारीख पहिला दिवस धरली. तशी मोजली तर ३६५ वा दिवस २७ फेब्रुवारीलाच येतो.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी : पण ताई, लीप वर्ष ३६६ दिवसांचं असते ना! म्हणजे १ मार्चपर्यंत हक्क आहे तुमचा.

निवृत्त वकील : बाळा, तुझा ३६६ चा आकडा २८ तारखेच्या गिऱ्हाइकाला लागू पडतो. त्याच्या वर्षात २९ फेब्रुवारी येते. ताईंच्या बाबतीत तीच खरेदीची तारीख आहे, ती सोडली की पुढे ३६५ दिवसच उरतात आणि शेवटचा येतो २८ फेब्रुवारी. म्हणून दोघांचीही मुदत एकाच दिवशी संपते.

मराठीच्या शिक्षिका : पण काका, ती तारीख सोडायची का, वाद तर तिथंच आहे. ‘उद्यापासून सुट्टी’ म्हटलं की उद्या शाळा नाही. ‘नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत’ म्हटलं की नोटिशीचा दिवस कोणी मोजत नाही. पहिल्या वाक्यात ‘पासून’ गोष्ट कधी सुरू झाली ते सांगतं, दुसऱ्यात मोजायला खुंटी ठोकतं. कूलर तर पहिल्याच संध्याकाळी बिघडला तरी वॉरंटी लागू, म्हणून मला दोन्ही अर्थ दिसतात.

निवृत्त वकील : संरक्षण त्या दिवशीही असतं, मोजणी दुसऱ्या दिवसापासून होते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम ९ हेच सांगतं. ते कायद्यांच्या भाषेसाठी आहे, कार्डासाठी नाही, पण कार्डावर वेगळं काही नसेल तर मी त्याच धर्तीवर भांडेन. ‘खरेदीचा दिवस धरून’ असं छापलं असतं, तर दुकानदाराची बाजू भक्कम झाली असती.

दुकानाचे हिशेब पाहणारा : एक्सेलही दोन उत्तरं देतं. पहिल्या सूत्राला २८ फेब्रुवारी येते, दुसऱ्याला १ मार्च.

```
=EDATE(DATE(2024,2,29),12)
=DATE(2024+1,2,29)
```

महालातले काका : माझ्या इन्व्हर्टरचं बिल २९ चं, पण माणूस बसवायला आला ४ मार्चला. मग कोणती तारीख धरायची?

निवृत्त वकील : कार्ड बघा. ‘खरेदी’ लिहिलंय की ‘बसवल्याची तारीख’, त्यावर आहे. ताई, तुम्ही तक्रार कधी नोंदवली?

धरमपेठची गृहिणी : २८ लाच दुपारी दुकानदाराला फोन केला, तेव्हाच त्यानं हे सांगितलं. कंपनीच्या नंबरवर मात्र १ मार्चला.

निवृत्त वकील : मग त्या फोनची नोंद मोबाइलमध्ये असेल, तिचा फोटो काढून ठेवा. दुकानदाराला सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं की नाही, ते कार्डाच्या मागच्या अटींत वाचावं लागेल.

धरमपेठची गृहिणी : मागची बाजू ओलीनं पुसट झालीय. उद्या उजेडात वाचून लिहिते.