शब्दचर्चा : ‘वय्याशोव’ की ‘वय्येशेव’? उत्पत्ती २२:१९ मधील धातू

पाठांतर : बायबलमधील उत्पत्तीच्या २२व्या अध्यायातील १९वे वचन मी मराठीत उतरवत आहे. माझ्यासमोरची हिब्रू प्रत स्वरचिन्हांविना आहे आणि त्या एकाच वचनात वाव, योद, शीन, बेत हीच चार अक्षरे दोनदा येतात. मी दोन्ही ठिकाणी ‘बसला’ असे लिहिले: अब्राहाम सेवकांपाशी बसला, मग सगळे उठून बैरशेब्याला गेले आणि तेथे अब्राहाम बसला. आमच्याकडील एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले की पहिले क्रियापद मुळातच वेगळे आहे. अक्षरे तीच असताना धातू वेगळा कसा ओळखावा?

जुनी पोथी : ज्येष्ठांचे म्हणणे बरोबर आहे. पहिले रूप ‘वय्याशोव’ असे वाचतात. त्याचा धातू शीन-वाव-बेत, म्हणजे परत येणे. दुसरे ‘वय्येशेव’, त्याचा धातू योद-शीन-बेत, म्हणजे बसणे किंवा राहणे. पहिल्यात मधला वाव गळतो, दुसऱ्यात आरंभीचा योद गळतो, म्हणून लिखाणात दोघांचे उरलेले शरीर सारखेच दिसते. स्वरचिन्हे असतील तर पुरुषवाचक योदावरचा स्वर पाहावा: ‘या’ दिसला तर बहुधा मधले अक्षर हरवले आहे, ‘ये’ दिसला तर बहुधा पहिले. स्वरचिन्हे नसतील तर अब्राहामाच्या नावापुढचा शब्द पाहावा. पहिल्या रूपानंतर तेथे ‘एल’, म्हणजे ‘कडे’, आहे आणि दुसऱ्यानंतर ‘मध्ये’ या अर्थाचा बेत जोडलेला आहे. सेवकांकडे माणूस परततो, गावात राहतो. शिवाय पाचव्या वचनात अब्राहामानेच सेवकांना ‘आम्ही परत येऊ’ असे सांगितले होते, त्यात हाच धातू आहे. तेथे तो अनेकवचनी आहे आणि येथे मात्र एकवचनी, हे मला प्रत्येक वाचनात थांबवते.

शनिवार : माझ्या आजीकडून मी ऐकले होते की शब्बाथ हा शब्द याच ‘बसणे’ धातूपासून आला, कारण त्या दिवशी माणूस काम सोडून बसतो. मग पहिले रूपही बसण्याचेच का नसावे?

जुनी पोथी : आजींचा अर्थ सुंदर आहे, परंतु शब्बाथमधला शेवटचा ताव हा धातूचाच भाग आहे. उत्पत्ती २:२ मध्ये ‘वय्यिश्बोत’ असे रूप येते आणि ताव जागेवर राहतो. वाव, योद आणि शेवटचा ‘हे’, ही अक्षरे निसटतात, ताव असा निसटत नाही. उलट गणना २१:१ मध्ये हीच चार अक्षरे ‘वय्यिश्ब’ अशी येतात, तेथे शेवटचा ‘हे’ गळलेला आहे आणि अर्थ ‘कैद करून नेले’ असा होतो.

नियमप्रेमी : म्हणजे स्वरचिन्हांची प्रत घेतली की संशय उरत नाही. मधले अक्षर गळणाऱ्या पोकळ धातूत साध्या रूपाला ‘वय्याकोम’, तो उठला, आणि प्रयोजक रूपाला ‘वय्याकेम’, त्याने उभे केले. ‘ओ’ आणि ‘ए’ पाहिले की काम झाले.

जुनी पोथी : त्या धातूपुरते ते खरे आहे. पण शेवटी कंठ्य अक्षर किंवा रेश आला की तो आधीचा स्वर ‘अ’ करून टाकतो आणि ही खूण पुसली जाते. शास्ते १४:८ मध्ये शमशोन सिंहाचे प्रेत पाहण्यासाठी ‘वय्यासर’, म्हणजे वाट सोडून वळला; उत्पत्ती ८:१३ मध्ये नोहाने तारवाचे आच्छादन ‘वय्यासर’, म्हणजे काढले. स्वरचिन्हांसह दोन्ही रूपे एकच आहेत. दुसऱ्या ठिकाणी कर्म आहे, पहिल्या ठिकाणी नाही, एवढाच आधार उरतो. शेवटी हेत असलेल्या ‘टेकणे, विसावणे’ या धातूचेही तसेच: उत्पत्ती ८:४ मध्ये तारू टेकले ते साधे रूप, यहोशवा २१:४४ मध्ये परमेश्वराने विसावा दिला ते प्रयोजक, आणि दोन्हींत स्वर सारखेच.

नियमप्रेमी : रेश कंठ्य नाही. त्याला त्या गटात घालणे मला मान्य नाही.

जुनी पोथी : मी ‘किंवा’ लिहिले आहे. तो द्वित्व घेत नाही आणि स्वर खाली ओढतो, म्हणून त्याला शेजारी बसवावे लागते.

शब्दरक्षक : मला ‘पोकळ धातू’ या शब्दाचीच हरकत आहे. संस्कृत व्याकरणाची एवढी परंपरा असताना ‘मध्यलोपी धातू’ असे का म्हणू नये? अक्षर गळणाऱ्या धातूंसाठीचे ‘दुर्बल क्रियापद’ हे नाव तर आजाऱ्यासारखे वाटते.

कोकणकर : ‘पोकळ’ ऐकताच पोकळ बांबू डोळ्यांसमोर येतो आणि मधले अक्षर गेले हे लगेच समजते. ‘मध्यलोपी’ पाठ करावे लागेल. शिवाय ‘वय्याकोम’मध्ये वावाचा लोप झाला असे म्हणावे, की तो स्वरात मुरला असे? मला वाटते मुरला.

पाठांतर : पहिल्या ठिकाणी आता ‘परत आला’ लिहितो. दुसऱ्या ठिकाणी ‘बसला’ ठेवावे की ‘राहिला’? मराठीत ‘बसणे’ आणि ‘वसणे’ एकच असावेत, म्हणून ‘वसला’ मला सर्वांत जवळचे वाटते.

शब्दरक्षक : ते एक नाहीत. ‘बसणे’ जुन्या ‘बैसणे’मधून, आणि ते ‘उपविश्’पासून, ‘वसणे’ हे ‘वस्’पासून. आणि मराठीत गाव वसते, एकटा माणूस राहतो.

कोकणकर : आमच्याकडे ‘तो मुंबईत जाऊन वसला’ असे सहज म्हणतात.